सळईचं सबमिटल परत पाठवताना: कलमं दाखवणारं, पण माणूस न तोडणारं पत्र कसं लिहायचं

साइटवर नवीन लागलेल्या इंजिनिअरला वरिष्ठ एक दिवस सांगतात, "ठेकेदाराचं मटेरियल सबमिटल आलंय. बघून घ्या, नसेल बसत तर पत्र काढा." सबमिटल म्हणजे माल वापरण्याआधी ठेकेदार मान्यतेसाठी देतो ते कागद. ते बघायला जमतं, कारण कॉलेजात सळईची टेस्ट केलेली असते. पत्र मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मग ते एक तर "आपला माल निकृष्ट असल्याने नामंजूर" असं तुटक निघतं, नाहीतर "फेरविचार व्हावा असे वाटते" असं मिळमिळीत. पहिल्याने भांडण होतं. दुसऱ्याने त्याहून वाईट होतं: ठेकेदार ते पत्र फाइलला लावतो आणि तोच माल वापरतो, कारण त्या पत्रात नकार कुठेच नसतो.

सोलापुरातल्या आमच्या एका कामावर मी असं पत्र लिहिलं होतं. तेच इथे नावं काढून पहिल्या पायरीपासून मांडते. इमारत तळमजला अधिक पाच मजल्यांची, आरसीसी फ्रेमची, जुळे सोलापूर भागातली. मी मालकाच्या बाजूच्या सल्लागारांकडे साइट इंजिनिअर. ठेकेदाराने ८, १२, १६, २० आणि २५ मिमी व्यासाच्या एफई ५००डी सळईचं सबमिटल दिलं होतं. सोबत कंपनीचा कॅटलॉग, आयएसआय परवान्याची प्रत आणि प्रत्येक व्यासाचं मिल टेस्ट सर्टिफिकेट होतं. कागद नीट लावलेले, शिक्के जागच्या जागी. ते सबमिटल अर्धं मान्य झालं आणि अर्धं परत गेलं. परत गेलेली सळई वाईट नव्हती. पत्र सभ्य कसं ठेवायचं याचं सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे, म्हणून हेच उदाहरण घेतलं.

पेन उचलण्याआधी

सबमिटल हातात आलं की आधी त्यावर तारीख टाका आणि आवक नोंदवहीत चढवा. करारात उत्तराची मुदत असते. आमच्या करारात ती दहा दिवसांची होती. काही करारांत मुदतीत उत्तर न दिल्यास सबमिटल मान्य धरलं जाईल असं कलम असतं. तसं असेल तर तुमचं बिनतोड पत्र अकराव्या दिवशी कागदाचा तुकडा ठरतं. आमचं सबमिटल २ जानेवारीला आलं होतं. पुढे चौदाला संक्रांत, म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. त्या दिवसांत बरेच कामगार सुट्टीवर, ऑफिस अर्धं रिकामं. दहा दिवस आहेत म्हणून थांबले असते तर मुदत यात्रेतच संपली असती.

मग करार उघडा. नवीन माणूस सरळ भारतीय मानकाकडे धावतो. तसं करू नका. ठेकेदाराने सही केलीय ती करारावर. मानक त्याला लागू होतं ते करारात त्याचं नाव आहे म्हणून. त्यामुळे साखळी नेहमी करारापासून सुरू करायची: करारातल्या स्पेसिफिकेशनचं कोणतं कलम या मालाला लागू आहे, ते कलम कोणत्या मानकाकडे बोट दाखवतं, त्या मानकाचं कोणतं कलम, आणि त्या कलमातली मर्यादा किती. ड्रॉइंगवरच्या सर्वसाधारण टिपाही वाचा. स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली अट बऱ्याचदा पहिल्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या उजव्या बाजूला बारीक अक्षरात बसलेली असते.

आमच्या करारात दोन अटी होत्या. सळई आयएस १७८६:२००८ प्रमाणे एफई ५००डी हवी, आणि फ्रेमच्या सगळ्या घटकांत वापरायची सळई आयएस १३९२०:२०१६ च्या कलम ५.३ मध्येही बसायला हवी. दुसरी अट कुणी हौसेने घातलेली नव्हती. आयएस १८९३ भाग १ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर भूकंपक्षेत्र तीनमध्ये आहे, आणि क्षेत्र तीन, चार व पाचमधल्या आरसीसी फ्रेमला आयएस १३९२० लागू होतं. आपल्या शेजारच्या किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

मानकाची आवृत्ती आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या तपासूनच पुढे जा. जुन्या फोटोकॉपीवरून कलम क्रमांक टाकला आणि तो नव्या आवृत्तीत सरकलेला असला तर ठेकेदाराचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो. बीआयएसच्या पोर्टलवर नोंदणी करून मानकं मोफत उतरवता येतात, त्यामुळे जुनी प्रत वापरायला सबब उरलेली नाही.

आकडे कुठे अडकले

२० मिमी सळईच्या सर्टिफिकेटवर ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस, म्हणजे सळई यील्ड झाली असं धरतात तो ताण, ५६१ एमपीए, अंतिम ताणबल ६२८ एमपीए आणि एलाँगेशन १८ टक्के होतं. २५ मिमीचे आकडे अनुक्रमे ५७४, ६४८ आणि १७.५.

आधी आयएस १७८६ लावून बघू. एफई ५००डी साठी प्रूफ स्ट्रेस किमान ५०० हवा, तो आहे. एलाँगेशन किमान १६ टक्के हवं, तेही आहे. अंतिम ताणबल किमान ५६५ हवं आणि शिवाय प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेसपेक्षा किमान १० टक्के जास्त हवं. ५६१ च्या १.१० पट ६१७ होतात, आपल्याकडे ६२८ आहेत. ५७४ च्या १.१० पट ६३१ होतात, आपल्याकडे ६४८ आहेत. दोन्ही व्यास पास. इथे थांबलात तर सबमिटल मान्य करून मोकळे व्हाल, आणि बरेच जण इथेच थांबतात.

आता आयएस १३९२०. कलम ५.३.२ म्हणतं की प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेस ठरलेल्या मूल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वर जाता कामा नये, म्हणजे ५०० च्या ग्रेडला ६०० ची कमाल मर्यादा. आपले आकडे त्याच्या आत आहेत. कलम ५.३.३ म्हणतं की प्रत्यक्ष अंतिम ताणबल भागिले प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेस हे गुणोत्तर किमान १.१५ हवं. २० मिमीचं गुणोत्तर ६२८ ÷ ५६१, म्हणजे १.११९. २५ मिमीचं ६४८ ÷ ५७४, म्हणजे १.१२९. दोन्ही कमी. उलट १६ मिमीचं ६४० ÷ ५५२ = १.१५९, आणि ८ व १२ मिमीही १.१६ च्या वर होते.

हे गुणोत्तर सर्टिफिकेटवर छापलेलं नव्हतं. दोन रकाने भागून ते स्वतः काढावं लागतं. कुठलाही एकटा आकडा नापास नसताना दोन आकड्यांचं नातं नापास होतं, म्हणून ते नजरेतून सुटतं.

१.१५ कशासाठी, हे पत्रात लिहायची गरज नसते, पण तुम्हाला माहीत हवं, कारण फोनवर तोच प्रश्न येतो. भूकंपात बीमच्या टोकाशी सळई यील्ड होते. यील्ड झालेल्या जागी ती आणखी बरीच ताकद घेऊ शकत असेल, तरच शेजारचा भागही यील्डपर्यंत ओढला जातो आणि लांबणं सळईच्या बऱ्याच भागावर पसरतं. यील्ड आणि तुटणं यांच्यातलं अंतर कमी असेल तर सगळं लांबणं त्या एका छोट्या तुकड्यात साठतं आणि सळई तिथेच तुटते. साध्या भारासाठी ही सळई उत्तमच आहे. भूकंप घेणाऱ्या फ्रेमसाठी ती पुरत नाही.

नकार लिहिण्याआधी आणखी एक तपासणी हवी. दोन्ही मानकांत सांगितलंय की चाचणीचं अंतिम मूल्य आयएस २ प्रमाणे, मर्यादेत जितके दशांश दिलेत तितक्यावर आणून मग तुलना करायची. मर्यादा १.१५, म्हणजे दोन दशांश. उद्या एखाद्या सळईचं गुणोत्तर १.१४७ आलं तर ते १.१५ होतं आणि सळई पास होते. कॅल्क्युलेटरवर १.१४७ बघून तुम्ही नकार दिलात तर चूक तुमची. आपले आकडे १.१२ आणि १.१३ वर येतात, म्हणजे शंकेला जागा नाही. काठावरच्या आकड्यावर कधीही घाईने पत्र काढू नका.

याच जातीची चूक माझ्या हातून पूर्वी झालेली आहे. दुसऱ्या एका कामावर लॅबच्या रिपोर्टमध्ये गंधक आणि फॉस्फरसची बेरीज ०.०८० टक्के आली. एफई ५००डी ला मर्यादा ०.०७५, म्हणून मी नकाराचं पत्र काढलं. चार दिवसांनी ठेकेदाराच्या इंजिनिअरचं शांत उत्तर आलं: ०.०७५ ही मर्यादा भट्टीतल्या वितळलेल्या पोलादाच्या, म्हणजे लेडल विश्लेषणाची आहे. तयार सळईचा तुकडा कापून केलेल्या विश्लेषणाला त्याच मानकात या बेरजेसाठी ०.०१० ची सूट आहे. म्हणजे मर्यादा ०.०८५, आणि माल पास. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी पत्र मागे घेतलं. त्यानंतर दोन महिने माझ्या प्रत्येक बरोबर पत्रावरही "मॅडम, पुन्हा एकदा बघा" असं उत्तर येत राहिलं. तेव्हापासून कलम वाचताना ती मर्यादा कोणत्या चाचणीची आहे हे बघितल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

पत्राआधी एक फोन

पत्र तयार झालं की पाठवण्याआधी ठेकेदाराच्या माणसाला फोन करा. आमचे ठेकेदार वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी म्हटलं, "अण्णा, सळईच्या सबमिटलचं पत्र आज येतंय. आठ, बारा, सोळा मान्य आहे. वीस आणि पंचवीस परत येतंय, तेरा नऊशे वीसच्या गुणोत्तरात बसत नाही. ऑर्डर द्यायची थांबवा." पलीकडून थोडा वेळ काही बोलणं नाही. मग, "मॅडम, तीन टन वीस मिमी काल उतरलंय की!"

हे फोनमुळे कळलं म्हणून पत्रात त्या तीन टनांचा परिच्छेद आला. नाहीतर पत्र अर्धवट गेलं असतं आणि ती सळई यात्रेनंतर कुणीतरी कॉलमात बांधली असती. फोनवर मान्यता-अमान्यतेचा निर्णय बदलायचा नाही आणि "बघू काहीतरी" असंही म्हणायचं नाही. फोन फक्त कळवण्यासाठी.

पत्र

राज्य सरकारच्या कामावर पत्रव्यवहार बहुधा मराठीत असतो, खासगी कामावर बहुतेक इंग्रजीत. भाषा कोणतीही असो, बांधणी तीच. पत्रातला हीट क्रमांक म्हणजे सळईचं पोलाद भट्टीच्या ज्या घाण्यातून निघालं त्याचा क्रमांक. आम्ही पाठवलेलं पत्र असं होतं:

> जा. क्र. साइट/मटेरियल/०१४
> दिनांक : ८ जानेवारी २०२५
>
> प्रति,
> प्रकल्प व्यवस्थापक,
> (ठेकेदार संस्थेचे नाव)
>
> विषय : मटेरियल सबमिटल क्र. ०११, एफई ५००डी सळई. ८, १२ व १६ मिमी मान्य; २० व २५ मिमी अमान्य, सुधारून पुन्हा सादर करणे.
>
> संदर्भ : १) आपले सबमिटल क्र. ०११, दि. २ जानेवारी २०२५ (त्याच दिवशी प्राप्त)
> २) करार, तांत्रिक स्पेसिफिकेशन, कलम ३.२.४
> ३) स्ट्रक्चरल ड्रॉइंग एस-०१, सर्वसाधारण टीप ७
> ४) आजचे दूरध्वनी संभाषण
>
> महोदय,
>
> संदर्भ १ चे सबमिटल तपासले. सर्व प्रमाणपत्रे व्यासनिहाय व हीट क्रमांकासह मिळाली, त्यामुळे तपासणी वेळेत पूर्ण करता आली.
>
> ८, १२ व १६ मिमी व्यासाची सळई मान्य करण्यात येत आहे. २० मिमी (हीट क्र. ४४१७) व २५ मिमी (हीट क्र. ४४२३) व्यासाची सळई खालील कारणास्तव मान्य करता येत नाही.
>
> स्पेसिफिकेशन कलम ३.२.४ व ड्रॉइंग एस-०१ ची टीप ७ यांनुसार फ्रेमच्या घटकांतील सळई आयएस १३९२०:२०१६ च्या कलम ५.३ ची पूर्तता करणारी असावी. त्यातील कलम ५.३.३ नुसार प्रत्यक्ष अंतिम ताणबल व प्रत्यक्ष ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस यांचे गुणोत्तर किमान १.१५ आवश्यक आहे. आपण सादर केलेल्या प्रमाणपत्रांनुसार हे गुणोत्तर २० मिमीसाठी ६२८ ÷ ५६१ = १.१२ व २५ मिमीसाठी ६४८ ÷ ५७४ = १.१३ येते.
>
> सदर सळई आयएस १७८६:२००८ मधील एफई ५००डी च्या यांत्रिक गुणधर्मांची पूर्तता करते, याची नोंद घेतली आहे. अमान्यता केवळ वरील कलम ५.३.३ पुरती आहे.
>
> कृपया २० व २५ मिमी व्यासासाठी कलम ५.३.३ ची पूर्तता दर्शविणारी प्रमाणपत्रे, प्रस्तावित मालाच्या हीट क्रमांकासह, दि. १७ जानेवारीपर्यंत सादर करावीत. ती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देण्यात येईल.
>
> दि. ७ जानेवारी रोजी साइटवर उतरलेली २० मिमीची अंदाजे ३ टन सळई स्वतंत्र रचून "वापरू नये" असा फलक लावावा. तिचा वापर या कामात करू नये.
>
> आपला,
> (सही, नाव, पद)
>
> सोबत : आयएस १३९२०:२०१६ चे कलम ५.३ असलेले पान. आपल्या प्रमाणपत्रांच्या प्रती, संबंधित आकडे अधोरेखित करून.
> प्रत : स्ट्रक्चरल सल्लागार, मालकांचे प्रतिनिधी.

प्रत्येक वाक्य तिथे का आहे

निर्णय विषयातच लिहिलाय. ठेकेदाराच्या ऑफिसात पत्र आधी स्टोअरकीपरच्या हातात पडतं आणि तो विषयापलीकडे वाचतोच असं नाही. "सळई सबमिटलबाबत" एवढाच विषय असता तर त्याला काहीच कळलं नसतं.

पहिल्या परिच्छेदातली दाद खरी आहे, म्हणून ठेवली. त्यांनी हीट क्रमांकासह कागद दिले होते, जे फार थोडे लोक देतात. कागद अर्धवट आले असते तर हे वाक्य मी लिहिलं नसतं. खोटी दाद समोरच्याला लगेच कळते.

"मान्य करता येत नाही" हा प्रयोग मुद्दाम आहे. "आम्ही नाकारतो" म्हटलं की माणूस माणसासमोर उभा राहतो. "मान्य करता येत नाही" म्हटलं की नकार कलमाकडून येतो आणि तरीही ठाम राहतो. पण "मान्य करणे उचित वाटत नाही" इथपर्यंत घसरू नका. वाटण्याचा इथे संबंध नाही. "खेद आहे", "नाइलाजास्तव" हेही नको, त्याने आपण काही वाईट करतोय असा वास येतो.

कलम सांगताना पूर्ण साखळी दिलीय, आणि आकडे त्यांच्याच प्रमाणपत्रातून घेतलेत. भागाकार उघडा करून दाखवलाय. "गुणोत्तर अपुरे आहे" एवढंच लिहिलं तर समोरचा विचारतो कुठलं गुणोत्तर. भागाकार दिला की तो स्वतः मोबाइलवर करून बघतो आणि वाद तिथेच संपतो.

"आयएस १७८६ ची पूर्तता करते" हे वाक्य बऱ्याच वरिष्ठांना नको असतं. आमच्याकडेही ते खोडायला सांगितलं होतं. मी आग्रह धरला, आणि अजूनही धरेन. ही सळई चांगली आहे हे खरं आहे. ते लिहिल्याने ठेकेदाराला पुरवठादाराकडे भांडायला न जाता "या कामाला वेगळी हीट हवी" एवढंच सांगता येतं. शिवाय "आयएसआय मार्क असून नाकारता?" हा आक्षेप त्याने घ्यायच्या आधीच निकालात निघतो.

पत्रात काय नाही, हेही बघा. दुसऱ्या कुठल्या ब्रँडचं नाव नाही. तुम्ही नाव सुचवलंत की उद्या ती सळई उशिरा आली किंवा महाग पडली तर जबाबदारी तुमच्याकडे येते. आणि "या सळईचा इतरत्र वापर करता येईल" असंही नाही. ती फ्रेमच्या बाहेर कुठे चालेल का, हे ठरवायचा अधिकार स्ट्रक्चरल सल्लागारांचा आहे. साइट इंजिनिअरने पत्रात तशी खिडकी उघडली की ठेकेदार त्यातून कॉलमही नेतो.

उत्तर आलं तर

तीन प्रकारची उत्तरं बहुतेक येतात. आयएसआय मार्कचं वर आलंच. दुसरं: "लॅबने सळईचं क्षेत्रफळ चुकीचं धरलं असेल, सळई वजनाला थोडी कमी-जास्त असते." हे प्रूफ स्ट्रेसच्या आकड्याबद्दल खरं असू शकतं. गुणोत्तराबद्दल नाही. अंतिम भार आणि यील्ड भार दोन्ही एकाच तुकड्यावर, एकाच क्षेत्रफळाने भागलेले असतात, त्यामुळे गुणोत्तर काढताना क्षेत्रफळ कटून जातं. क्षेत्रफळ पाच टक्के चुकलं तरी १.१२ चं १.१२ च राहतं. एवढं दोन ओळींत लिहा, पुढे वाद घालू नका.

तिसरं उत्तर विचार करायला लावणारं असतं: "याच हीटची सळई आम्ही दुसऱ्या लॅबमध्ये तपासली, गुणोत्तर १.१६ आलं." तो रिपोर्ट फेकून देऊ नका आणि तसाच स्वीकारूही नका. नमुना कुणी, कुठल्या गठ्ठ्यातून काढला हे रिपोर्टवर नसेल तर तो त्या सळईचा आहे याला पुरावा नाही. दोघांच्या समोर नमुने कापून, हीट क्रमांकाचा टॅग लावून, सील करून एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबला पाठवायचे असं पत्राने कळवा. करारात चाचणीचा खर्च कुणी करायचा ते कलमही त्याच पत्रात टाका, नाहीतर पुढचा महिना त्यावरच जातो.

आमच्या कामात हे काही आलं नाही. संक्रांत उरकल्यावर १६ तारखेला अण्णांनी नव्या हीटची प्रमाणपत्रं दिली. २० मिमीचं गुणोत्तर ६४५ ÷ ५४८ = १.१८, २५ मिमीचं ६४१ ÷ ५५३ = १.१६. मान्यतेचं पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. ते नकाराच्या पत्रापेक्षा छोटं होतं, पण त्यातही कलम ५.३.३ आणि दोन्ही भागाकार लिहिले, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला पहिलं पत्र का गेलं आणि दुसऱ्यात निर्णय का बदलला हे एकत्र दिसतं. ती तीन टन सळई पुरवठादाराने परत नेली. गेटपासवर हीट क्रमांक ४४१७ आहे हे बघून त्याची प्रत मी आठ तारखेच्या पत्रामागे टाचली आणि नोंदवहीत सबमिटल ०११ बंद केलं.